ट्रेंडवर जाहिरात करताना माल झाकला जाऊ नये म्हणून: नवख्यांसाठी मार्गदर्शक

गाजत असलेल्या आवाजावर किंवा रचनेवर जाहिरात केली की लोक ती पाहतात, हसतात, मित्रांना पाठवतात, आणि तरीही दुसऱ्या दिवशी विचारले तर ती कशाची जाहिरात होती हे त्यांना सांगता येत नाही. याचे कारण बहुतेक वेळा चित्रीकरणात नसते, तर कामाच्या क्रमात असते. आधी ट्रेंड निवडला जातो आणि मग त्यात आपली वस्तू कुठे बसते हे शोधले जाते. हा क्रम उलटा केला, तर निम्मे काम सोपे होते. उरलेले निम्मे काम हक्क, पटकथा आणि तपासणी यांचे असते, आणि ते कसे करावे हे एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊन पाहू.

समजा, वेंगुर्ल्याजवळचा एक घरगुती उद्योग कोकमाचे आगळ बाटलीत भरून विकतो. ग्राहक मुख्यतः पुण्या-मुंबईचे आहेत आणि मागणी इन्स्टाग्रामवरून येते. या उद्योगाला २० सेकंदांची एक रील करायची आहे आणि नंतर पैसे भरून तीच रील जाहिरात म्हणून चालवायची आहे.

पहिली पायरी: संदेश एका वाक्यात लिहून काढा

‘आमचे आगळ उत्तम आणि पारंपरिक आहे’ हा संदेश नव्हे. हे वाक्य लोणच्यालाही लावता येते आणि काजूलाही. आपल्या मालाबाबत ग्राहकाचा नेमका कोणता गैरसमज आहे किंवा त्याची कोणती गरज अडून राहिली आहे, हे मागील काही महिन्यांचे संदेश आणि फोन आठवून पाहावे. आगळ विकणाऱ्या कोणालाही हा प्रश्न विचारला तर उत्तर लगेच मिळते: बाहेरगावच्या ग्राहकाला आगळ आणि अमृत कोकम यांतला फरक ठाऊक नसतो. अमृत कोकम हे साखर घातलेले असते आणि पाणी मिसळले की त्याचे सरबत होते. आगळ म्हणजे मीठ घालून काढलेला कोकमाचा दाट रस, जो सोलकढीत किंवा आमटीत घालायचा असतो. जो ग्राहक आगळ पाण्यात ढवळून पितो, तो तोंड वाकडे करतो आणि वाईट अभिप्राय लिहून जातो. तेव्हा या जाहिरातीचा संदेश असा ठरतो: ‘हे गोड सरबत नाही, नारळाच्या दुधात घातले की सोलकढी होते.’

हे वाक्य कागदावर लिहून समोर ठेवावे. पुढे जो काही ट्रेंड निवडाल, त्याने हे वाक्य पोचवले पाहिजे. ते पोचत नसेल तर तो ट्रेंड कितीही गाजत असला तरी सोडून द्यावा. नवखे लोक इथेच कच खातात, कारण ट्रेंड हातचा जाईल ही भीती संदेश हरवण्याच्या भीतीपेक्षा मोठी वाटते.

दुसरी पायरी: आवाज आणि रचना वेगळे करून पाहा

ज्याला आपण सरसकट ट्रेंड म्हणतो, त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे आवाज, म्हणजे गाण्याचा तुकडा, चित्रपटातील संवाद किंवा कोणाच्या तरी जुन्या व्हिडिओतले वाक्य. दुसरी म्हणजे रचना, म्हणजे प्रसंगांची ठरावीक मांडणी: आधी आणि नंतर, अपेक्षा आणि वास्तव, किंवा एकामागून एक माणसे येऊन एकाच साच्यातले वाक्य बोलतात तशी मांडणी. आवाज कोणाच्या तरी मालकीचा असतो. रचनेची कल्पना सहसा सर्वांसाठी मोकळी असते. शिवाय एखादा आवाज काही आठवड्यांत जुना वाटू लागतो, तर चांगली रचना नवनव्या रूपांत अनेक महिने टिकते. ज्या जाहिरातीवर पैसे लावायचे आहेत तिच्यासाठी रचना घ्यावी आणि आवाज स्वतःचा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गाजलेले गाणे न वापरल्यामुळे पोच थोडी कमी झाली तरी हा व्यवहार परवडतो.

रचना निवडल्यावर तिच्यात प्रेक्षक कशाची वाट पाहत असतो ते शोधावे. प्रत्येक गाजलेल्या रचनेत एक वळण असते. आधी-नंतरच्या रचनेत ते बदलाच्या क्षणी येते, संगीताच्या रचनेत ठेका बदलतो तिथे येते, आणि साच्यातल्या वाक्यांत ते वाक्याच्या उत्तरार्धात येते. प्रेक्षकाचे लक्ष सर्वांत तीव्र असते ते याच क्षणी, म्हणून वस्तूची जागा हीच आहे. विनोद झाल्यावर शेवटी तीन सेकंद बोधचिन्ह दाखवणे म्हणजे नाटक संपून लोक उठल्यावर प्रायोजकाचे नाव घेणे.

आपल्या उदाहरणासाठी २०२४च्या सुरुवातीला जगभर आणि भारतातही पुष्कळ चाललेली रचना घेऊ: ‘आम्ही अमुक आहोत, आम्ही तमुक करणारच.’ कार्यालये, रुग्णालये, महाविद्यालये अशा सगळ्यांनी ती वापरली. तिला कोणतेही विशिष्ट गाणे लागत नाही, माणसांचे बोलणे पुरते, आणि मराठीत ती सहज बसते.

तिसरी पायरी: चित्रीकरणाआधी हक्क तपासा

ही पायरी बहुतेक लोक शेवटी ठेवतात आणि तयार रील हातात घेऊन अडकतात. इन्स्टाग्रामच्या संगीत संग्रहातली लोकप्रिय गाणी वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापरासाठी परवाना घेऊन ठेवलेली असतात. व्यवसाय खात्याला त्यांतली पुष्कळ गाणी दिसतच नाहीत, आणि दिसणारे गाणे वापरून रील प्रसिद्ध केली तरी पैसे भरून ती पुढे ढकलायला गेल्यावर, हक्क असलेले संगीत असल्यामुळे ही रील बूस्ट करता येत नाही, असा संदेश येतो. त्यावर उपाय म्हणून काही जण निर्माता प्रकारचे खाते उघडतात, जिथे संग्रह मोठा दिसतो. गाणे दिसले म्हणजे ते धंद्यासाठी वापरण्याचा परवाना मिळाला असे होत नाही. अमेरिकेत एका ऊर्जापेय कंपनीविरुद्ध दोन मोठ्या संगीत कंपन्या २०२१ मध्ये न्यायालयात गेल्या होत्या. गाणी ज्या मंचाच्या संग्रहात होती तिथूनच घेतली, हा बचाव न्यायालयाने स्वीकारला नाही, आणि कंपनीच्या स्वतःच्या व्हिडिओंसाठी २०२२ मध्ये तिला जबाबदार धरले गेले.

‘Original audio’ असे लेबल दिसले म्हणजे तो आवाज मोकळा आहे, असेही समजू नये. ते लेबल फक्त एवढेच सांगते की आवाज कोणीतरी स्वतःच्या रीलबरोबर चढवला. त्या रीलमागे दूरदर्शन संचावर गाणे चालू असेल, किंवा तो एखाद्या चित्रपटातला संवाद असेल, तर मूळ हक्क तसेच राहतात. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे गीताचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन निरनिराळे हक्क आहेत. म्हणून तेच गाणे ओळखीच्या गायकाकडून पुन्हा गाऊन घेतले तर फक्त ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटतो. शब्द आणि चाल यांची परवानगी लागतेच. नामवंत नटाचा आवाज किंवा त्याची ठेवणीतली लकब वापरण्यातही धोका आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांचे नाव, छबी, आवाज आणि त्यांच्या ढंगातला ‘झकास’ यांच्या अनधिकृत व्यावसायिक वापराला मनाई केली होती. एखाद्या साध्या माणसाचा गमतीदार व्हिडिओ गाजला असेल, तर त्याच्या परवानगीशिवाय त्याला आपल्या मालाचा विक्रेता बनवणे कायद्याच्या आधी सभ्यतेत बसत नाही.

मग वापरायचे काय? स्वतःचे बोलणे, वस्तूचा स्वतःचा आवाज आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिच्या ‘Meta Sound Collection’ मधले जाहिरातीसाठी चालणारे संगीत, एवढ्यात बहुतेक काम भागते. गावातल्या पखवाजवादकाकडून किंवा भजनी मंडळाच्या पेटीवाल्याकडून २० सेकंदांचा तुकडा वाजवून घेऊन, जाहिरातीत वापरण्याची लेखी परवानगी घेतली आणि योग्य मोबदला दिला, तर तो आवाज जाहिरातीत निर्धास्त वापरता येतो. पारंपरिक चाल मोकळी असू शकते, पण दुसऱ्याने केलेले तिचे मुद्रण मोकळे असेलच असे नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

चौथी पायरी: वाक्यातल्या कर्त्याकडे पाहून पटकथा लिहा

आपल्या रचनेत पहिला मसुदा बहुधा असा होतो:

‘आम्ही कोकणातले आहोत, गणपतीला रजा टाकणारच.’
‘आम्ही कोकणातले आहोत, एसटीत फणसाचा वास येणारच.’
‘आम्ही कोकणातले आहोत, जेवणानंतर सोलकढी मागणारच.’

आणि शेवटी बाटलीचे छायाचित्र. ही रील चालेल, चाकरमानी ती आपल्या भावंडांना पाठवतील, आणि बाटली कोणाच्याही लक्षात राहणार नाही, कारण विनोदाचा विषय कोकणी स्वभाव हा आहे. इथे एक साधी चाचणी लावावी: आपल्या बाटलीच्या जागी दुसऱ्याची बाटली, किंवा थेट आंबापोळीचे पाकीट ठेवले तर जाहिरात तशीच चालते का? चालत असेल, तर आपण कोकणाची जाहिरात केली आहे आणि तिचा खर्च आपण सोसला आहे.

दुरुस्ती लहान आहे. या रचनेत ‘आम्ही’ नंतर जे येते ते प्रेक्षक प्रत्येक वाक्यात पुन्हा पुन्हा ऐकतो, म्हणून तिथे प्रदेश न ठेवता वस्तू ठेवावी:

‘आम्ही आगळ बनवतो, “पाणी घालून सरबत होईल ना?” असं आम्हाला रोज विचारणारच.’
‘आम्ही आगळ बनवतो, आम्ही यात साखर घालणार नाहीच.’
‘आम्ही आगळ बनवतो, सोलकढीत वरून मीठ आम्ही आधी चाखूनच घालणार.’

आता प्रत्येक वाक्य हसवतेही आणि संदेशाचा एकेक तुकडा पोचवतेही: हे सरबत नव्हे, यात साखर नाही, आणि यात मीठ आधीच आहे. तिसऱ्या वाक्याचा उपयोग स्वयंपाकघरात खरोखर होतो, त्यामुळे ते जपून ठेवले जाण्याची शक्यता अधिक. याच्या पुढे वळण येते. पेल्यात पांढरे नारळाचे दूध आहे, बोलणे थांबते, वरून दोन चमचे आगळ पडते आणि दूध पाहता पाहता गुलाबी होते. हा रंगबदल म्हणजे या मालाला लाभलेली फुकटची आधी-नंतरची रचना आहे. तो क्षण चार सेकंद निवांत दाखवावा, त्यावर संगीत टाकू नये, ओतण्याचा आणि ढवळण्याचा आवाज तसाच ठेवावा. त्यानंतर बाटली, आकारमान, किंमत आणि मागणी कशी नोंदवायची, एवढेच यावे.

विनोदाच्या भरात मालाला नसलेले गुण चिकटवले जातात, हा या रचनेचा ठरलेला धोका आहे. ‘आमचं आगळ पिणाऱ्याचं पित्त पळणारच’ हे वाक्य साच्यात झक्क बसते, पण ते आरोग्यविषयक दावा ठरते, आणि खाद्यपदार्थांच्या जाहिरातींतील दाव्यांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम आहेत. आधार देता येत नसेल तर असे वाक्य कापावे. गंमत म्हणून म्हटले होते, हे उत्तर पुरत नाही.

पाचवी पायरी: चित्रचौकटीत अक्षरांना जागा ठेवा

रील उभ्या चौकटीत, १०८० बाय १९२० पिक्सेलमध्ये चित्रित करावी. जाहिरात म्हणून ती दिसते तेव्हा खालच्या भागावर खात्याचे नाव, मजकूर आणि बटण येते. मेटाच्या शिफारशीप्रमाणे वरचा साधारण १४ टक्के, खालचा ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचा ६ टक्के भाग महत्त्वाच्या मजकुरासाठी वापरू नये. म्हणजे बाटलीचे लेबल आणि किंमत ही चौकटीच्या मधल्या पट्ट्यात, किंबहुना मध्यापासून जराशी वरच असायला हवीत. मेजावर बाटली ठेवून सरळ चित्रण केले की ती नेमकी खालच्या तृतीयांशात जाते आणि बटणाखाली झाकली जाते, म्हणून ती हातात धरावी किंवा मेज उंच करावे.

पुष्कळ लोक रील आवाज बंद ठेवून पाहतात, त्यामुळे बोललेले प्रत्येक वाक्य पडद्यावर लिहिलेले हवे. आपोआप तयार झालेली मराठी अक्षरपट्टी विश्वासाने तशीच सोडू नये. ‘आगळ’ सारखा शब्द तिथे काहीही होऊन येतो. एका वेळी पाच-सहा शब्दांहून अधिक दाखवू नयेत आणि ते सावकाश एकदा वाचून होईपर्यंत राहू द्यावेत. देवनागरीची एक खास अडचण अशी की दोन ओळींमधले अंतर कमी ठेवले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत शिरतो आणि लहान पडद्यावर दोन्ही वाचता येत नाहीत. नक्षीदार अक्षरे टाळून साधी, ठळक अक्षरे घ्यावीत.

पहिल्या दोन सेकंदांत बाटली किंवा नारळाच्या दुधाचा पेला दिसलाच पाहिजे, मग बोलणाऱ्याचा चेहरा किती का बोलका असेना. जे लोक तिथेच पुढे सरकतात, त्यांना निदान वस्तू तरी दिसलेली असते.

सहावी पायरी: दुसऱ्याकडून करून घेत असाल तर

पैसे घेऊन किंवा नुसत्या दोन बाटल्या भेट घेऊन कोणी प्रभावक आपल्यासाठी रील करत असेल, तर ती जाहिरात आहे हे प्रेक्षकाला कळले पाहिजे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये लागू केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओवर हे लेबल किमान ३ सेकंद, आणि त्याहून मोठ्या पण दोन मिनिटांहून लहान व्हिडिओवर एक तृतीयांश वेळ दिसायला हवे. २० सेकंदांच्या रीलमध्ये हे सुमारे ७ सेकंद होतात, तेव्हा त्या लेबलची जागाही पटकथेतच ठरवावी. अशा व्यक्तीला ‘ट्रेंड तुम्हीच ठरवा’ असे खुशाल सांगावे, पण संदेशाचे वाक्य आणि दूध गुलाबी होण्याचा क्षण हे दोन्ही करारात लिहून घ्यावेत. गाजलेले गाणे त्यांच्या खात्यावरून लावले तरी वापर व्यावसायिकच राहतो.

सातवी पायरी: प्रसिद्ध करण्याआधीची चाचणी

घरातल्यांना किंवा कामगारांना दाखवून उपयोग नाही, कारण त्यांना आगळ म्हणजे काय ते ठाऊकच आहे. ज्यांनी सोलकढी फक्त हॉटेलात प्यायली आहे अशा तीन-चार जणांना रील एकदाच, आवाज बंद करून दाखवावी. तासाभराने तीन प्रश्न विचारावेत: काय विकत होते, ते कशात घालतात, आणि ते गोड आहे का? ‘ते करणारच-करणारच वालं ना?’ एवढेच उत्तर आले, तर रचना लक्षात राहिली आणि माल निसटला. अशा वेळी नवा विनोद जोडत बसू नये, उलट एक वाक्य काढून टाकावे आणि ओतण्याचा क्षण आधी आणावा. तीनऐवजी दोन वाक्ये ठेवली की जाहिरात बहुधा सुधारते.

आठवी पायरी: आकडे आणि अभिप्राय एकत्र वाचा

पैसे लावताना दोन आवृत्त्या कराव्यात. दोन्हींत एकच गोष्ट वेगळी असावी, उदाहरणार्थ पहिली दोन सेकंदे: एकीत ‘सरबत होईल ना?’ हा प्रश्न, तर दुसरीत थेट दुधात पडणारे आगळ. प्रेक्षकवर्ग, रक्कम आणि दिवस सारखे ठेवावेत. मेटाच्या जाहिरात व्यवस्थापकात अशी तुलनात्मक चाचणी लावण्याची सोय आहे.

नंतर दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. जितक्या वेळा जाहिरात दाखवली गेली त्यांपैकी किती वेळा ती किमान ३ सेकंद पाहिली गेली, हा पहिला आकडा. आणि पाहणाऱ्यांपैकी किती जणांनी संदेश पाठवला किंवा दुव्यावर टिचकी मारली, हा दुसरा. समजा, पहिली आवृत्ती १०,००० वेळा दाखवली गेली, ३,५०० वेळा ३ सेकंदांहून अधिक पाहिली गेली आणि ८ जणांनी चौकशी केली. दुसरी तितक्याच वेळा दाखवली गेली, २,४०० वेळा पाहिली गेली आणि २६ जणांनी चौकशी केली. नवख्याला पहिली यशस्वी वाटते, कारण तिच्यावर आवडीच्या खुणा अधिक असतात, पण धंद्यासाठी दुसरी चालवावी. फरक ८ आणि ११ असा असता, तर मात्र त्यावरून काहीच ठरवू नये. इतके लहान आकडे योगायोगानेही हलतात.

आकडे ‘का’ ते सांगत नाहीत, ते अभिप्राय सांगतात. ‘हा आवाज कुठून घेतला?’, ‘शेवटचा दादा भारी आहे’ असे अभिप्राय अधिक असतील तर लक्ष रचनेवर गेले आहे. ‘किती दिवस टिकते?’, ‘फ्रीजमध्ये ठेवायचे का?’, ‘एका नारळाला किती घालायचे?’ असे प्रश्न येऊ लागले तर लक्ष बाटलीवर आहे. आणि प्रश्न येतात पण मागणी येत नाही, असे झाले तर दोष रीलमध्ये शोधू नये; किंमत, पाठवणीचा खर्च किंवा काचेची बाटली वाटेत फुटण्याची भीती यांकडे पाहावे. खरी परीक्षा माल पोचल्यावर होते: ‘हे गोड का नाही?’ असे फोन कमी झाले, तर संदेश पोचला.

नववी पायरी: ट्रेंड उतरल्यावर काय ठेवायचे ते आधीच ठरवा

गाजलेली रचना शिळी झाली तरी पैसे भरलेली जाहिरात आपोआप थांबत नाही, आणि तीच माणसे तीच जाहिरात पुन्हा पुन्हा पाहून वैतागतात. म्हणून सुरू करतानाच थांबवण्याची तारीख घालावी. दोन आठवड्यांनी आकडे पाहून ती वाढवता येते. चित्रीकरण करतानाच बोलण्याचा भाग आणि ओतण्याचा भाग वेगवेगळे, स्वच्छ, अक्षरांशिवाय साठवून ठेवावेत, म्हणजे पुढची रचना गाजू लागली की केवळ सुरुवातीची सात-आठ सेकंदे नव्याने चित्रित करावी लागतात. एप्रिल-मेमध्ये कोकमाची फळे उतरत असताना ती फोडतानाचे आणि मिठात घालतानाचे चित्रणही उरकून घ्यावे, कारण सोलकढीची रील पावसाळ्यात किंवा दिवाळीत करायची झाली तर ताजे कोकम तेव्हा कुठेही मिळणार नाही.